‘छानसं पेज बनवून द्या’ म्हणजे नेमकं काय?

दहावीचा निकाल लागला की अकरावी-बारावी सायन्सच्या क्लासचालकांची धांदल उडते. पत्रकं छापून होतात, चौकात फ्लेक्स लागतो आणि मग कुणीतरी सुचवतं, ‘सर, एक लँडिंग पेज करून घ्या.’ ओळखीतून एखादा फ्रीलान्सर मिळतो आणि त्याला ईमेल जातो : ‘क्लाससाठी छानसं पेज हवं आहे. मॉडर्न वाटलं पाहिजे. पत्रक जोडलं आहे, त्यातून बघून घ्या. खर्च किती येईल?’

आठ-दहा दिवसांनी पेज तयार होतं. वर परदेशी मुलांचा हसरा फोटो, त्यावर उज्ज्वल भविष्याची हमी देणारं इंग्रजी वाक्य, खाली लांबलचक गॅलरी आणि तळाशी बारीक अक्षरांत फोन नंबर. दिसायला ते वाईट नसतं. पण क्लास नेमका कुठे आहे, किती वाजता सुटतो, फी किती, शिकवतं कोण, यातलं काहीच त्यावर सापडत नाही. फ्रीलान्सरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने ज्या ईमेलवरून काम केलं, त्यातही यातलं काही नव्हतं.

त्या ईमेलमध्ये काय असायला हवं होतं, हे एका उदाहरणावरून पाहू. समजा, सांगलीच्या विश्रामबाग भागात अकरावी-बारावी सायन्सचा एक क्लास आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि जोडीला एमएचटी-सीईटीची तयारी. दोन-तीन शिक्षक, मुलं शहरातली तशीच तासगाव, मिरज भागातून येणारी. क्लास चालवणारे सर फ्रीलान्सरला मेल लिहायला बसले आहेत.

पेज कुणासाठी आणि कशासाठी

मेलची सुरुवात रंग आणि फॉन्टपासून करण्याची गरज नाही. पेजवर कोण येणार आणि आल्यावर त्याने काय करायचं, हे आधी सांगायचं. लँडिंग पेज हे पूर्ण संकेतस्थळापेक्षा वेगळं असतं. पत्रकावरचा क्यूआर कोड, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक किंवा गुगलवरची जाहिरात यातून माणूस थेट या एका पानावर उतरतो. तिथे त्याच्याकडून एकच गोष्ट व्हावी, अशी त्या पानाची रचना असते. म्हणून सरांनी लिहावं :

‘पेज बघणारे बहुतेक जण दहावी झालेल्या मुलांचे आईवडील असतील आणि ते मोबाइलवर बघतील. त्यांनी फोन करावा किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून डेमो लेक्चरची वेळ ठरवावी, एवढंच पेजचं काम आहे. ऑनलाइन फी भरणं, नोट्स डाउनलोड, विद्यार्थ्यांचं लॉगिन यातलं काहीही नको.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काय नको हे लिहिलं की खर्चाचा अंदाज नीट येतो आणि ‘तेवढं लॉगिनचंही करून टाका’ हा वाद पुढे उद्भवत नाही.

पहिल्या स्क्रीनवरचा मजकूर

पेज उघडल्यावर बोट न हलवता जेवढं दिसतं, तेवढ्यात पालकाला आपण योग्य ठिकाणी आलो की नाही हे कळलं पाहिजे. हा मजकूर फ्रीलान्सरवर सोडायचा नाही. त्याला क्लासची माहिती नसते, त्यामुळे तो कुठल्याही क्लासला चालेल असं वाक्य टाकतो. सरांनी शब्द न् शब्द लिहून द्यावा :

‘सर्वांत वर मोठ्या अक्षरांत : अकरावी-बारावी सायन्स आणि एमएचटी-सीईटी, विश्रामबाग, सांगली. त्याखाली : एका बॅचमध्ये जास्तीत जास्त ४० विद्यार्थी. सोमवार ते शनिवार, दुपारी ३.३० ते ६.३०. त्याखाली दोन बटणं : फोन करा, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा.’

इथे वेळेला एवढं महत्त्व का? तासगावच्या पालकाचा पहिला प्रश्न फीचा नसतो. मुलगी क्लास सुटल्यावर कोणत्या एसटीने परत येईल, हा असतो. साडेसहाला सुटणारा क्लास आणि आठला सुटणारा क्लास यांत त्याच्या दृष्टीने सगळा फरक आहे. दुसरा प्रश्न कॉलेजच्या प्रॅक्टिकलचा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या कोचिंगविषयक मार्गदर्शक सूचनांत, शाळा-कॉलेजच्या वेळेत त्या विद्यार्थ्यांचे क्लास घेऊ नयेत आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, असं म्हटलं आहे. वेळ स्पष्ट छापली की या दोन्ही शंका फोन करण्याआधीच मिटतात.

मजकूर कसा पाठवायचा, यातही एक खड्डा आहे. पत्रक बनवणारा डीटीपीवाला बरेचदा श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतो. तो मजकूर उचलून पेजवर टाकला की अक्षरांचा चिवडा होतो. मग फ्रीलान्सर पत्रकाचा फोटोच चिकटवून मोकळा होतो. फोटोतली अक्षरं मोबाइलवर वाचताना बोटांनी मोठी करावी लागतात आणि ‘विश्रामबाग सायन्स क्लास’ असं गुगलवर शोधणाऱ्याला ते पान सापडण्याची शक्यता घटते. म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आपण मोबाइलवर रोज टाइप करतो तसा, मेलमध्येच लिहून पाठवावा आणि ‘अक्षरं फोटोच्या रूपात नकोत’ असं स्पष्ट म्हणावं.

फी, शिक्षक आणि फी परतीचा नियम

फी छापायची की नाही, यावर क्लासचालकांत दोन तट आहेत. ‘आधी भेटायला येऊ द्या, मग सांगू’ हा जुना रिवाज. मात्र वर उल्लेख केलेल्या सूचनांत क्लासच्या संकेतस्थळावर शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रमाचा कालावधी, फी आणि फी परतीचं धोरण द्यावं, अशी अपेक्षा आहे. व्यवहाराच्या अंगानेही छापणंच सोयीचं. फी परवडणार नाही, असा पालक फोनच करत नाही. जो करतो तो आकडा माहीत असून करतो. जूनमध्ये दिवसभर वाजणाऱ्या फोनवर तेच ते सांगत बसण्यापेक्षा हे बरं.

छापताना आकडा पूर्ण असावा. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या क्लासला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. आपला क्लास नोंदणीकृत असेल तर पालकाला द्यावी लागणारी अंतिम रक्कमच लिहायची. ‘४८,००० रुपये, जीएसटीसह, तीन हप्त्यांत’ असं वाचलेल्या पालकाला काउंटरवर धक्का बसत नाही. ‘४८,००० अधिक कर’ वाचून आलेल्याला आणखी ८,६४० रुपये मोजावे लागतात आणि तिथेच पहिली खटकी उडते.

फी परतीचा नियम एका उदाहरणासह लिहिला की कुणालाही कळतो. शिक्षण मंत्रालयाच्या सूचनांनुसार, पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच क्लास सोडत असेल तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात फी दहा दिवसांत परत करायची. आपल्या उदाहरणात वर्षाची फी ४८,००० म्हणजे महिन्याला ४,००० होते. पाच महिन्यांनी सोडणाऱ्याला उरलेल्या सात महिन्यांचे २८,००० परत. हे एक वाक्य पेजवर असलं की पालकाला हिशेब मागावा लागत नाही.

शिक्षकांच्या बाबतीत ‘अनुभवी आणि तज्ज्ञ स्टाफ’ हे शब्द फुकट जातात. कोण कोणता विषय शिकवतं, शिक्षण काय, किती वर्षं शिकवतात आणि वर्षभर तेच शिकवणार आहेत का, या चार गोष्टी प्रत्येकी दोन ओळींत द्याव्यात. बाहेरून आठवड्यातून एकदा येणारे सर असतील तर तसंच लिहावं.

निकालाची पाटी

पेजवरची सर्वांत नाजूक जागा हीच. फ्लेक्सवर चालतं ते सगळं इथे उचलून टाकायचा मोह होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिराती रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नागरी सेवा परीक्षेच्या मोठमोठ्या संस्था यशस्वी उमेदवारांचे फोटो झळकवायच्या, पण त्यातल्या अनेकांनी तिथे फक्त मुलाखतीची तयारी केली होती हे लपवायच्या, अशी प्रकरणं त्याआधी गाजली होती.

या तत्त्वांत पेज बनवताना उपयोगी पडणाऱ्या तीन गोष्टी आहेत. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा अभिप्राय वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि ती निकाल लागल्यानंतर घेतलेली हवी. प्रवेशाच्या फॉर्मवर आधीच घेतलेली सही इथे कामाला येत नाही. दुसरं, नावासोबत त्याने कोणता कोर्स केला होता, किती काळाचा, पैसे भरून की मोफत, हे सांगावं लागतं. तिसरं, खुलासा लिहायचा तर दाव्याच्या अक्षरांएवढ्याच मोठ्या अक्षरांत. वर मोठ्ठा आकडा आणि खाली चांदणी काढून मुंगीएवढी ओळ, ही युक्ती बंद. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता सरांच्या क्लासचा निकाल घेऊ. समजा, पूर्ण वर्षाच्या बॅचमधून ६२ जण सीईटीला बसले आणि त्यातल्या ९ जणांना ९५ पर्सेंटाइलच्या वर मिळाले. याखेरीज फक्त टेस्ट सिरीज घेतलेल्या ३ जणांनाही ९५ च्या वर मिळाले. फ्लेक्सवर एव्हाना ‘१२ विद्यार्थी ९५ टक्क्यांच्या वर’ असं झळकलं असतं. त्यात दोन चुका आहेत. टेस्ट सिरीजवाल्यांना पूर्ण वर्षाच्या मुलांत मिसळलं, ही एक. दुसरी पर्सेंटाइलला टक्के म्हटल्याची. सीईटीत पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो. ९५ टक्के म्हणजे त्यातले १९० गुण. ९५ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातल्या पंच्याण्णव जणांचे गुण तुमच्याएवढे किंवा तुमच्याहून कमी. तिथे प्रत्यक्ष गुण १९० पेक्षा पुष्कळ कमी असू शकतात. पालकांना हा फरक ठाऊक नसतो, म्हणूनच तो नीट लिहिण्याची जबाबदारी क्लासवर येते. मेलमध्ये सरांनी असं लिहावं :

‘निकालाचा मजकूर : पूर्ण वर्षाच्या बॅचमधले ६२ विद्यार्थी यंदा एमएचटी-सीईटीला बसले. ९ जणांना ९५ पर्सेंटाइलपेक्षा जास्त मिळाले. फक्त टेस्ट सिरीज घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी आणखी ३ जणांना ९५ च्या वर मिळाले. हे शब्द बदलू नयेत, सगळी वाक्यं एकाच आकाराच्या अक्षरांत ठेवावीत. लेखी संमती मिळालेल्या पाच विद्यार्थ्यांचे फोटो जोडले आहेत. त्याशिवाय कुणाचाही फोटो नको. इंटरनेटवरून घेतलेले मुलांचे फोटोही नकोत.’

‘फक्त तीन जागा शिल्लक’ असं सतत उलट मोजणारं घड्याळ फ्रीलान्सर हौसेने सुचवतो. जागा खरोखर संपत आल्या नसतील तर ही खोटी घाई होते आणि वरच्या तत्त्वांनी तीही मना केली आहे. त्यालाही मेलमध्येच नकार द्यावा.

बटण, फॉर्म आणि मुलांची माहिती

पालकाने विचारणा करायची ती दोन बटणांतून. ती कुठे नेतात हे फ्रीलान्सरला लिहूनच द्यायचं :

```
tel:+91XXXXXXXXXX
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

पहिल्या दुव्याने थेट फोन लागतो, दुसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपची चॅट उघडते. व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यात अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा यातलं काही नको. फक्त ९१ आणि पुढे दहा आकडे. एक शून्य जास्त पडलं की पालकाला चुकीच्या नंबरचा संदेश दिसतो आणि तो पुढच्या क्लासकडे वळतो. इथे हजर कोण असणार, हेही ठरवून ठेवावं. सर साडेतीन ते साडेसहा वर्गात असतात. त्यांचा स्वतःचा नंबर दिला तर नेमक्या त्याच वेळी येणारे फोन वाजून बंद होतात. ऑफिसमधल्या ताईंचा नंबर द्यायचा आणि ‘फोनची वेळ सकाळी १० ते रात्री ८’ असं बटणाखाली लिहायचं.

फॉर्म ठेवायचाच तर तीनच रकाने : पालकाचं नाव, मोबाइल, मुलगा किंवा मुलगी कितवीत. जन्मतारीख, दहावीचे गुण, पत्ता, आधार हे काही विचारायचं नाही. एक तर प्रत्येक वाढीव रकान्यागणिक भरणारे गळतात. दुसरं, डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ हा अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागतो. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. अकरावीची मुलं मात्र सोळा-सतराचीच असतात. म्हणून ‘हा फॉर्म पालकांनी भरावा’ असं लिहायचं आणि माहिती कशासाठी घेतली, किती दिवस ठेवणार, हे एका ओळीत सांगायचं. भरलेला फॉर्म कुठे जातो, हेही मेलमध्ये हवं. पुष्कळ पेजवरचे फॉर्म फ्रीलान्सरच्याच ईमेलवर जात राहतात किंवा स्पॅममध्ये पडून राहतात आणि क्लासला वाटतं, यंदा विचारणाच आली नाही.

पेज जड होऊ नये

मोबाइलवर काढलेला एक फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. वार्षिक सत्काराचे असे पाच फोटो तसेच चढवले की पेज २० एमबीच्या घरात जातं. गावाकडे नेटचा वेग ४ एमबीपीएस मिळत असेल, तर एवढं उतरायला ४० सेकंद लागतात. तेवढा वेळ कुणी थांबत नाही. म्हणून मेलमध्ये आकड्यातच मर्यादा घालावी : ‘सगळे फोटो धरून पेज १ एमबीच्या आत असावं.’ त्याच वेगात ते दोन-तीन सेकंदांत उघडतं. फोटो लहान करणं फ्रीलान्सरसाठी किरकोळ काम आहे, पण सांगितलं नाही तर राहून जातं.

पेज कुणाच्या नावावर

शेवटचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण भांडणं होतात ती इथेच. डोमेन, म्हणजे पेजचा पत्ता, क्लासचालकाच्या स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर नोंदवलेला हवा. त्याचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं आणि त्याची आठवण नोंदलेल्या ईमेलवर येते. तो ईमेल फ्रीलान्सरचा असेल आणि दरम्यान त्याने काम सोडलं असेल, तर एके दिवशी पेज गायब होतं. पाच हजार पत्रकांवर छापलेला क्यूआर कोड मग कुठेच नेत नाही. कोडही थेट आपल्या पत्त्यावर जाणारा असावा. काही मोफत सेवा स्वतःच्या मधल्या दुव्यावरून नेतात आणि मुदत संपली की पैसे मागतात.

मालकीबद्दल कायदा बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. पैसे दिले म्हणजे काम आपलं झालं, असं आपण धरून चालतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. पण नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेला कोड सर्वसाधारणपणे त्याच्याच मालकीचा राहतो. तो हक्क आपल्याकडे यायला लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. मेलमध्ये सरांनी अट मांडावी :

‘काम पूर्ण झाल्यावर आणि पैसे पोचल्यावर डिझाइन आणि कोडचे सगळे हक्क कायमस्वरूपी क्लासकडे राहतील, असं सहीनिशी लिहून द्यावं. डोमेन आणि होस्टिंग माझ्या ईमेलवर असेल, पासवर्ड माझ्याकडे राहतील. मजकुरात दोन वेळा दुरुस्त्या याच रकमेत धरल्या आहेत, त्यापुढच्यांचे वेगळे पैसे देईन. निम्मी रक्कम सुरुवातीला, निम्मी तपासणीनंतर.’

शेवटची दोन वाक्यं फ्रीलान्सरच्या बाजूची आहेत. ‘जरा हे बदला, जरा ते बदला’ म्हणत महिनाभर त्याला राबवायचं आणि बाकी रक्कम लटकवायची, हा अनुभव त्या व्यवसायातल्या बहुतेकांच्या गाठीशी असतो. दुरुस्त्यांची संख्या लिहिली की त्यालाही दर नीट सांगता येतो.

तपासणी कशी करायची

पेज तयार झालं की ‘छान दिसतंय’ म्हणून पैसे देऊन टाकू नयेत. तपासणी कोणती, हे आधीच्याच मेलमध्ये लिहिलेलं असावं. एखाद्या साध्या अँड्रॉइड फोनवर, वाय-फाय बंद करून पेज उघडायचं. दोन्ही बटणं दाबून फोन कुणाला लागतो ते बघायचं. फॉर्म भरायचा आणि तो ऑफिसच्या ईमेलवर आला का पाहायचं. मग क्लासशी संबंध नसलेल्या एखाद्या पालकाच्या हातात फोन द्यायचा आणि विचारायचं : क्लास कुठे आहे, किती वाजता सुटतो, एकूण किती पैसे लागतील आणि मध्येच सोडला तर किती परत मिळतील? मिनिटभरात चारही उत्तरं मिळाली तर पेज पास.

असा मेल लिहायला एक संध्याकाळ जाते, कारण त्यातली बरीचशी माहिती आधी क्लासचालकालाच गोळा करावी लागते : संमतीपत्रं, खरे आकडे, फी परतीचा हिशेब. ते काम टाळून कुठलाही फ्रीलान्सर चांगलं पेज देऊ शकत नाही. आणि पालकांनी एवढं करावं : ज्या पेजवर फी, सुटण्याची वेळ आणि बसलेल्या मुलांची एकूण संख्या नसेल, तिथे डेमो लेक्चरला बसण्याआधी या तीन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.